सतरा इंच खोल कपाट आणि रोजचे कपडे

*ताई, नमस्कार. आम्ही शुक्रवार पेठेत तळमजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मी, मिस्टर आणि आठवीतली मुलगी, तिघांत एकच लोखंडी कपाट. मी एका पतसंस्थेत काम करते. निम्मे दिवस साडी, निम्मे दिवस ड्रेस. मिस्टर उद्यमनगरात वर्कशॉपमध्ये असतात. रोज सकाळी कपाटासमोर नुसता राडा असतो. ड्रेस सापडला तर लेगिंग नाही, साडी सापडली तर ब्लाउज नाही. एक कपडा ओढला की अख्खी चळत अंगावर येते. शेवटी दोरीवरून काढलेले कपडे खुर्चीवरच पडतात आणि आम्ही तिथूनच घालतो. कपाट आतून मोजलं: उंची ७२ इंच, खोली १७, मधल्या पत्र्यामुळे डावी-उजवी बाजू १७-१७ इंच रुंद. डावीकडे वर एक फळी, तिच्याखाली रॉड, रॉडपासून तळापर्यंत ५८ इंच. उजवीकडे पाच खण, प्रत्येकी १४ इंच उंच, मधला लॉकरचा. सुतार म्हणतो, हे काढा आणि भिंतभर वॉर्डरोब करा. घर भाड्याचं, काय करू?*
*— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर*

नमस्कार.

तुम्ही मापं पाठवलीत ते फार बरं केलंत. ती नसती तर मी मोघम काहीतरी सांगितलं असतं. मापं बघितल्यावर दिसतं की तुमचे कपडे जास्त नाहीत. १७ इंच खोली आणि १४ इंच उंचीचे खण यांच्यात ते दडून बसतात.

हे असं होतं. आपण घरात कुर्त्याची जी चौकोनी घडी घालतो ती साधारण १२ इंच लांब भरते. ती खणात पुढच्या कडेला ठेवली की मागे पाच इंच जागा उरते. त्या पाच इंचांत अख्खा कपडा मावत नाही, पण लेगिंग, ब्लाउज, ओढणी, मोजे सहज मावतात आणि तिथेच जाऊन पडतात. ड्रेस सापडतो पण लेगिंग सापडत नाही, ते यामुळे. उंचीचंही तसंच. सुती कुर्त्याची घडी साधारण एक इंच जाड धरली तर १४ इंचांच्या खणात अकरा-बारा कपड्यांची चळत होते. एवढ्या चळतीतून खालून तिसरा कपडा काढायला दोन हात लागतात, एक धरायला आणि एक ओढायला. सकाळी सात वाजता दुसरा हात मोकळा नसतो.

म्हणून या कपाटाला एकच नियम लावायचा. रोजच्या कपड्याच्या पुढे दुसरा कपडा नको, आणि त्याच्यावर दोन-चार घड्यांपेक्षा जास्त ओझं नको. फळ्या, रॉड, बॉक्स ही सगळी साधनं या नियमासाठीच वापरायची.

काहीही विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन आणखी एक माप काढा, तोंडाचं. लोखंडी कपाटाच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी आत वळवलेली पट्टी असते आणि दारही बिजागरीपाशी थोडी जागा खातं. आतली रुंदी १७ इंच असली तरी बॉक्स बाहेर काढायला मिळणारी वाट बहुधा साडेपंधराच्या आसपास असेल. बॉक्स आत बसतो पण सरळ बाहेर येत नाही, दर वेळी तिरका करावा लागतो, आणि पंधरा दिवसांत त्याला हात लावणंच बंद होतं. सगळी खरेदी तोंडाच्या मापाने करा. पुढे मी साडेपंधरा धरूनच सांगते. तुमचं माप वेगळं निघालं तर त्या हिशेबाने बदला.

आता उजवीकडचे खण. सगळ्या खणांना एकच पद्धत लागू होत नाही, कारण कपडा कुठून दिसतो हे आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. छातीच्या खालचा खण आपण वरून बघतो, छाती ते डोळे यांमधला खण समोरून बघतो, आणि डोळ्यांच्या वरच्या खणातली फक्त पुढची कड दिसते. पुष्कळ जणी व्हिडिओ बघून सगळीकडे उभ्या घड्यांचे बॉक्स लावतात आणि वरच्या खणात ते निरुपयोगी ठरतात, कारण उभ्या घड्या वरूनच ओळखता येतात.

तुमच्याकडे लॉकरच्या खाली दोन खण आहेत. तिथे बॉक्स. प्रत्येक खणात दोन बॉक्स शेजारी शेजारी, प्रत्येक साडेसात इंच रुंद, १६ इंच लांब आणि सहा इंच उंच, वरून उघडे. लांबी १६ का, तर बॉक्सने मागच्या भिंतीपर्यंतची खोली भरून टाकली पाहिजे, म्हणजे ती पाच इंचांची दडण्याची जागाच उरत नाही. बॉक्स पुढे ओढला की अख्खी १६ इंच खोली डोळ्यांखाली येते.

बॉक्समध्ये कपडे आडवे रचायचे नाहीत, फाइलीसारखे उभे लावायचे. कुर्ता पलंगावर पालथा पसरा. दोन्ही बाजू बाह्यांसकट मध्ये घ्या, सात इंच रुंदीची लांब पट्टी होईल. कुर्ता ४४ इंच लांब असला तर आधी निम्मा करा, २२ इंच झाला. मग त्याचे तीन भाग करा, सव्वासात इंचांची घडी होते. ती उभी ठेवली की बॉक्सच्या सहा इंच काठाच्या वर इंचभर डोकावते, आणि तेवढ्यात रंग आणि कापड ओळखू येतं. काठ आणि घडी एकाच उंचीची असली तर नुसत्या कडांची रांग दिसते, म्हणून बॉक्स घडीपेक्षा बुटका हवा. वर सात-आठ इंच जागा रिकामी दिसेल. ती तशीच राहू द्या. हात घालायला आणि उजेड आत जायला ती लागते. तिथे एखादी चादर सारली की झालं, परत पहिले पाढे पंचावन्न.

अशी घडी साधारण दीड इंच जाड होते, म्हणजे एका बॉक्सात दहा कुर्ते. दहाव्या कुर्त्यानंतर बोटं आत जाईनाशी झाली तर नऊच ठेवा. उलट बाजूने, बॉक्स अर्धा रिकामा राहिला तर घड्या लोळतात. तेव्हा मागच्या बाजूला एक चपलांचं रिकामं खोकं उभं करून जागा कमी करून घ्या.

लॉकरच्या लगेच खालच्या खणात एका बॉक्सात तुमचे कुर्ते, दुसऱ्यात लेगिंग, सलवारी आणि ओढण्या. सलवार-कुर्ता-ओढणी असा सेट एकत्र गुंडाळून ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. जे ड्रेस कायम सेटवरच घालता त्यांना तो ठीक. पण एक काळी लेगिंग चार कुर्त्यांवर चालते, आणि ती एका कुर्त्याच्या पोटात गेली की उरलेले तीन अडून बसतात. म्हणून सुट्या चालणाऱ्या गोष्टी सुट्याच ठेवा. लेगिंगला ओळखीची खूण नसते, सगळ्या काळ्या-पांढऱ्या, तेव्हा पायघोळाची कड वर येईल अशी घडी घाला. घोट्यापर्यंतची आणि चुडीदार यांतला फरक त्या कडेवर कळतो.

सगळ्यात खालचा खण मुलीचा. तिचे टीशर्ट एका बॉक्सात, पँट्स दुसऱ्यात. ती वाकून बॉक्स बाहेर ओढून जमिनीवर ठेवू शकते, तुमच्यापेक्षा तिला ते सोपं जाईल. आणखी एक कारण आहे. शुक्रवार पेठेत तळमजल्यावर राहता, तर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या दिवसांत पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते मी तुम्हाला सांगायला नको. अशा घरात तळाच्या खणात तेच ठेवावं जे एका हेलपाट्यात उचलून वर नेता येईल आणि भिजलंच तर धुऊन वापरता येईल. रेशमी साड्या, कागदपत्रं, मुलीची प्रमाणपत्रं तिथे कधीच नकोत.

लॉकरच्या वरचा खण तुमच्या नजरेसमोर येतो. तो मिस्टरांच्या शर्टांना द्या, पण १४ इंचांचा अखंड नको. काही लोखंडी कपाटांत फळ्या खाचांवर टेकलेल्या असतात आणि वरखाली करता येतात. बाजूच्या पत्र्याला उभ्या ओळीत खाचा किंवा भोकं आहेत का ते बघा. नसतील तर १२ एमएम प्लायची एक बुटकी चौरंगी करून घ्या: वर १५ बाय १६ इंचांची फळी आणि दोन्ही बाजूंना साडेसहा इंच उंचीचे पाय. लक्ष्मीपुरीत किंवा तुमच्या ओळखीच्या प्लायच्या दुकानात मापाने तुकडे कापून मिळतील, स्क्रू घरी मारता येतात. फळी आणि पाय सुटे आत नेऊन आतच जोडा, नाहीतर तोंडाच्या पट्टीला अडेल. पत्र्याला भोक पाडायचं नाही, कपाट घरमालकाचं असलं तरी हरकत नाही.

आता एका खणाचे सात-सात इंचांचे दोन झाले. शर्टाची घडी दीड इंचाच्या आतबाहेर जाते, कॉलर धरून. चार शर्ट वर, चार खाली. चारपर्यंत चळत असेल तर खालचा शर्ट एका हाताने निघतो. वरच्या घड्यांखाली तळहात सरकवायचा आणि बोटांनी खालचा ओढायचा. घडीची बंद, गोल कड पुढे ठेवा. सुटी टोकं पुढे आली की चार शर्टांच्या बारा कडा दिसतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. शर्टाची घडी मात्र खोलीइतकी लांब घाला, म्हणजे १५-१६ इंच. कॉलरपासून खालपर्यंत एकदाच मोडायची. पुढे-मागे दोन रांगा लावायचा मोह मग होतच नाही, जागाच नसते.

शर्ट हँगरवर का नाहीत, असं मिस्टर विचारतील. कारण परत ती १७ इंच खोली. पुरुषी शर्टाचा नेहमीचा हँगर १६ ते साडेसतरा इंच रुंद असतो, त्यावर शर्टाचा खांदा आणि बाही आणखी बाहेर येते. दार लावलं की ते बाहीला दाबतं. हे तुमच्याकडे आत्ता होतंय का ते ओळखायला सोपं आहे: टांगलेल्या शर्टाच्या दाराकडच्या बाहीवरच चुरगळ असते, मागच्या बाहीवर नसते. कुणी सांगेल की रॉड पुढून मागे बसवा म्हणजे हँगर दाराला समांतर येतील. तुमच्या कपाटाची अर्धी बाजूही १७ इंचच रुंद आहे, त्यामुळे जागा काही वाढत नाही, आणि फक्त सगळ्यात पुढचा कपडा दिसतो. ते करू नका.

रॉडवर काय टांगायचं, तर ज्याची रुंदी आपण ठरवू शकतो ते. साडी, पँट, मुलीचा युनिफॉर्म. हँगर १५ इंचांचे घ्या, खाली आडवी पट्टी असलेले. दुकानात लेडीज किंवा मुलांचे म्हणून मिळतात, पण नावावर जाऊ नका, टेप लावून बघा.

साडीचं गणित मला फार आवडतं, कारण ती या कपाटात अगदी नेमकी बसते. साडेपाच मीटर लांबीची साडी चार वेळा दुमडली की साधारण साडेतेरा इंच रुंद होते, १५ इंचांच्या हँगरच्या पट्टीवर बरोबर मावते. पन्हा ४५-४६ इंचांचा. पट्टीवरून निम्मा-निम्मा सोडला की दोन्हीकडे २३ इंच लोंबते. हँगरचा आकडा धरून २७ इंच. तुमच्या रॉडखाली ५८ इंच आहेत! म्हणजे त्या जागेत टांगायच्या दोन रांगा बसतात आणि सध्या तुम्ही एकच वापरता; खालच्या अर्ध्या जागेत ढीग पडत असणार.

दुसरा रॉड बसवायला लोखंडी कपाटात भिंतींना रेटून बसणारा स्प्रिंगचा रॉड लावू नका. पत्रा पातळ असतो, दाबाने बाहेर फुगतो आणि चार दिवसांनी रॉड कपड्यांसकट खाली येतो. त्यापेक्षा खालचा रॉड वरच्या रॉडलाच टांगा. पाऊण इंची स्टीलच्या पाइपचा १५ इंचांचा तुकडा कापून घ्या, त्यातून बारीक साखळी ओवा आणि साखळीची दोन टोकं एस आकाराच्या हुकांनी वरच्या रॉडच्या दोन टोकांना अडकवा, झोपाळ्यासारखी. दोन्ही रॉडमध्ये ३० इंच अंतर ठेवा. वरच्या साड्यांची खालची कड मग खालच्या रॉडच्या तीनेक इंच वर थांबते आणि खालचं सगळं उघडं दिसतं. साडी हँगरवर कमी-जास्त पडली तर लांब बाजू खालच्या रॉडवर येते आणि पँटी झाकल्या जातात. रोज टांगताना दोन्ही कडा एकदा जुळवून घ्या.

वजनाचा विचार केलाय. सात साड्या ब्लाउज-परकरासकट पाच किलोच्या आसपास, सहा पँटी तीन किलो, युनिफॉर्म एखादा किलो. वरच्या रॉडला मिळून नऊ-दहा किलो. एवढ्या आखूड लोखंडी रॉडला ते जड नाही, पण तो ज्या खाचेत किंवा स्क्रूवर टेकलाय ते आधी हाताने खाली दाबून तपासा. हलत असेल तर स्क्रू बदलून मगच टांगा. आणि १७ इंचांच्या रॉडवर बारापेक्षा जास्त हँगर नकोत. दोन हँगरांमध्ये हात सरळ आत गेला पाहिजे. तो जात नसेल तर दिसणं संपलं, मग टांगून उपयोग नाही.

ब्लाउज सापडत नाही ही तुमची तक्रार साडीच्या हँगरवरच सोडवता येते. परकर निम्मा करून पट्टीवर आधी टाका, त्यावर साडी, आणि ब्लाउज त्याच हँगरच्या खांद्यांवर. तिन्ही एका आकड्यावर. संध्याकाळी ब्लाउज धुवायला गेला की तो हँगर बिनखांद्याचा दिसतो आणि ही साडी उद्या नेसता येणार नाही हे दार उघडताच कळतं. एकच परकर तीन साड्यांवर चालत असेल तर परकर मात्र लेगिंगच्या बॉक्सात ठेवा, त्याच कारणासाठी जे वर सांगितलं.

हे फक्त ऑफिसला नेसायच्या सुती, जॉर्जेट, सिंथेटिक साड्यांचं झालं. जरीच्या, पैठणीसारख्या जड साड्या महिनोन्‌महिने टांगून ठेवू नका. पदराच्या वजनाने कापड ताणतं आणि पट्टीवरच्या घडीवर रेषा पडते, ती पुढे विरते. त्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून डावीकडच्या रॉडवरच्या फळीवर आडव्या ठेवा, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडाच्या पुरचुंडीत, जरीला न टेकता, फक्त त्याच फळीवर. रोजच्या बॉक्सांत त्यांची गरज नाही. रोज हलणाऱ्या कपड्यांना कसर सहसा लागत नाही आणि वास मात्र दिवसभर अंगाला राहतो.

खालच्या रॉडवर मिस्टरांच्या पँटी, शिलाईवर शिलाई जुळवून निम्म्या केलेल्या, आणि एका टोकाला मुलीचे दोन युनिफॉर्म. कडक इस्त्रीचा किंवा खळ घातलेला एखादा ड्रेस असेल तर तोही साडीसारखा पट्टीवर निम्मा टाका, उभ्या घडीत त्याची इस्त्री मोडते.

उरला उजवीकडचा सगळ्यात वरचा खण, तुमच्या डोळ्यांच्या वरचा. तिथे झाकणाचे बॉक्स चालतील आणि तिथेच चालतील. स्वेटर, रेनकोट, लग्नाकार्यातले ड्रेस, आणि चैत्रात जोतिबाला जाताना घालायचे कपडे, ज्यांच्या शिवणींतला गुलाल पुढच्या तीन धुण्यांत निघत नाही. ते रोजच्या पांढऱ्या कपड्यांपासून लांबच बरे. या झाकणाच्या बॉक्सांना पुढच्या बाजूला चिठ्ठी चिकटवा. रोजच्या बॉक्सांना झाकण नको आणि चिठ्ठीही नको. रोजचा कपडा वाचून शोधावा लागत असेल तर मांडणीतच काहीतरी चुकलंय.

बॉक्स कशाचे घ्यावेत? मापं पक्की होईपर्यंत खोक्यांचेच करा. किराणा दुकानातलं जाड खोकं कटरने सहा इंचांवर कापलं की काम होतं. ब्लाउज, मोजे, रुमाल यांना चपलांची खोकी उत्तम. पण जून लागायच्या आत खोकी बदला. पुठ्ठा ओल धरतो, मऊ पडतो, बॉक्स ओढताना पुढची बाजू हातात येते, आणि कसरीला पुठ्ठा आवडतो. जाळीच्या प्लास्टिकच्या बास्केट घ्या, हवा खेळती राहते. गोल कोपऱ्यांच्या बास्केटमध्ये वरचं माप आणि तळाचं माप वेगळं असतं, दोन्ही मोजा. वर साडेसात आणि तळाला सहा असेल तर सात इंचांच्या घड्या खाली चेपतात.

पावसाळ्याचं आणखी थोडं. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा, विशेषतः बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर. पत्रा गार भिंतीला चिकटला की मागून पाणी सुटतं आणि मागची घडी दमट होते. कपडा वाळला की नाही हे मधल्या कापडावर बघू नका. काखेची शिवण, सलवारीचा नेफा आणि जीनचा खिसा गालाला लावून बघा. तिथे गार लागलं तर तो अजून ओला आहे. एक ओली सलवार बॉक्सात गेली तर दहा कुर्त्यांना वास लागतो.

एकदा घातलेले, अजून धुवायचे नसलेले कपडे कुठे? खुर्चीचा अर्धा ढीग याच कपड्यांचा असतो, आणि कपाट कितीही छान लावलं तरी हा ढीग त्यात मावत नाही, कारण घातलेला कपडा धुतलेल्यांत ठेवायला कुणाचंच मन होत नाही. खोलीच्या दारामागे तीन खुंट्या मारा, माणशी एक. घरमालक खिळा मारू देत नसेल तर दारावर वरून अडकवायचे हूक मिळतात. एका खुंटीवर दोनच कपडे. तिसरा आला की पहिला धुण्यात. मिस्टरांचे वर्कशॉपचे कपडे मात्र या खुंटीवरही नकोत. ऑइलचा वास शेजारच्या कपड्यांना लागतो. त्यांची जागा बाथरूमच्या बाहेर, वेगळी.

आता हे करायचं कसं. अख्खं कपाट पलंगावर ओतू नका. दोन खोल्यांच्या घरात ते संध्याकाळपर्यंत आवरत नाही आणि रात्री सगळं परत कोंबलं जातं. त्याऐवजी पहिल्या रविवारी फक्त जागा करा: लॉकरखालचे दोन खण आणि रॉडखालची जागा रिकामी करून तिथलं सगळं पिशव्यांत भरा. बॉक्स मांडा, खालचा रॉड टांगा, चौरंगी बसवा. मग पुढचे दोन आठवडे दोरीवरून जो कपडा वाळून येईल तोच नव्या जागेत घाला. खुर्चीवर जाणारा कपडा आता थेट बॉक्सात किंवा हँगरवर. दोन आठवड्यांत जे दोरीवरून आलं ते तुमचे रोजचे कपडे; वेगळं निवडत बसायची गरज नाही. जे पिशव्यांतच राहिलं ते वरच्या खणात जाईल, कुणाला देता येईल, किंवा मुलीला आता आखूड झालं असेल.

तरीही खुर्चीवर काही साठलंच, तर रागावण्याआधी काय साठलंय ते बघा. सारख्या ओढण्या असतील तर ओढण्यांचा बॉक्स भरलाय. पँटी असतील तर खालचा रॉड गच्च झालाय किंवा साड्यांनी झाकला गेलाय. मुलीचेच कपडे असतील तर तिच्या बॉक्सची वाट कशाने तरी अडलीय. बहुधा कपाटासमोर दप्तर ठेवलेलं असतं.

आणि सुताराला सध्या नाही म्हणा. भाड्याच्या घरात भिंतभर लाकूडकाम म्हणजे जाताना सोडून जायचा खर्च, शिवाय ओल आणि पूर या दोन्हींत प्लायपेक्षा लोखंडी कपाट जास्त टिकतं. पुढे स्वतःचं घर झालं तर त्याला तीन गोष्टी आधीच सांगा. रॉडच्या भागाची आतली खोली २२ ते २४ इंच हवी, म्हणजे शर्टही टांगता येतील. घड्यांचे कप्पे मात्र १४-१५ इंचच खोल आणि नऊ-दहा इंच उंच, मागे उरलेली जागा पत्र्या-फळीने बंद करून टाकलेली चालेल. आणि सरकती दारं नकोत. ती एका वेळी अर्धंच कपाट उघडतात आणि सकाळी तिघांना तीन बाजू हव्या असतात.